खात्रीचे तीन हजार की चार हजारांची संधी? वीस चिठ्ठ्यांनी करायची समान गुणोत्तराची चाचणी

मी यवतमाळ जिल्ह्यातील एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. माझे बहुतेक विद्यार्थी कापूस, तूर आणि सोयाबीन पिकवणाऱ्या घरांतून येतात. जोखमीच्या निर्णयांवर प्रकल्प करायचा झाला की ते पहिल्यांदा पावसाचा आणि भावाचा प्रश्न घेतात. तो प्रश्न महत्त्वाचा आहे, परंतु त्यात संभाव्यता कोणालाच नेमकी ठाऊक नसते. त्यामुळे एखाद्या शेतकऱ्याने निवड बदलली, तर त्याने अंदाज बदलला की निवड करण्याची रीतच बदलली, हे सांगता येत नाही. म्हणून या लेखात पिकाऐवजी चिठ्ठ्या घेतल्या आहेत. प्रत्येकी वीस चिठ्ठ्यांचे दोन झाकणाचे डबे आणि एक वही एवढ्या साहित्यावर, अपेक्षित उपयोगितेचा नियम लोकांच्या निवडीत कुठे मोडतो, हे गावातच तपासता येते.

नियम काय सांगतो

अपेक्षित उपयोगितेच्या सिद्धान्तानुसार माणूस प्रत्येक रकमेला मनात काही उपयोगिता देतो, त्या उपयोगितेला ती रक्कम मिळण्याच्या संभाव्यतेने गुणतो आणि ज्या पर्यायाची बेरीज मोठी येते तो निवडतो. उपयोगिता रुपयांच्या प्रमाणातच वाढली पाहिजे, अशी अट नाही. तीन हजारांच्या पुढचे हजार रुपये एखाद्याला पहिल्या हजारांइतके मोलाचे वाटत नसतील, तर तेही या सिद्धान्तात बसते. हे आधीच स्पष्ट करतो, कारण विद्यार्थ्यांचा सर्वांत मोठा गैरसमज इथेच होतो. खात्रीची लहान रक्कम घेणारा माणूस सिद्धान्त मोडत नाही. तो केवळ जोखीम टाळतो. सिद्धान्त मोडला की नाही हे एका निवडीवरून कधीच कळत नाही, त्यासाठी निवडींची जोडी लागते.

पहिल्या जोडीत दोन पर्याय आहेत. ‘अ’ म्हणजे ३००० रुपये, नक्की. ‘ब’ म्हणजे वीस चिठ्ठ्यांपैकी १६ चिठ्ठ्यांवर ४००० रुपये आणि उरलेल्या चारांवर काही नाही. म्हणजे ४००० रुपये मिळण्याची संभाव्यता ०.८०. दुसऱ्या जोडीत ‘क’ म्हणजे वीसपैकी ५ चिठ्ठ्यांवर ३००० रुपये, आणि ‘ड’ म्हणजे वीसपैकी ४ चिठ्ठ्यांवर ४००० रुपये. येथे संभाव्यता अनुक्रमे ०.२५ आणि ०.२० झाल्या.

पहिल्या जोडीतील दोन्ही संभाव्यतांना चाराने भागले की दुसरी जोडी तयार होते. १ चे ०.२५ झाले आणि ०.८० चे ०.२०. दोन संभाव्यतांमधील गुणोत्तर दोन्ही ठिकाणी तेच राहिले: ०.८० भागिले १ म्हणजे ०.८, आणि ०.२० भागिले ०.२५ म्हणजेही ०.८. चाचणीचे नाव या समान गुणोत्तरावरून पडले आहे.

आता एका माणसाने पहिल्या जोडीत ‘अ’ निवडला असे धरू. काही न मिळण्याची उपयोगिता शून्य धरली, तर त्याच्या निवडीचा अर्थ असा होतो:

उ(३०००) > ०.८० × उ(४०००)

या दोन्ही बाजूंना ०.२५ ने गुणले तर चिन्ह बदलत नाही:

०.२५ × उ(३०००) > ०.२० × उ(४०००)

ही दुसरी ओळ म्हणजेच ‘ड’ पेक्षा ‘क’ ची निवड होय. आकडे घालून पाहायचे असतील तर उ(४०००) ला १०० गुण द्यावेत. ‘अ’ निवडणाऱ्याच्या मनात उ(३०००) ला ८० पेक्षा जास्त गुण असले पाहिजेत. ते ८५ आहेत असे समजू. मग ‘क’ चे मोल २१.२५ आणि ‘ड’ चे २० येते. ‘ड’ वरचढ ठरायचा असेल तर उ(३०००) ८० च्या खाली जावे लागेल, पण पहिल्या निवडीने ते ८० च्या वर असल्याचे आधीच सांगितले आहे. ‘अ’ आणि ‘ड’ ही जोडी समजावून सांगू शकेल असा उपयोगितेचा एकही आकडा नाही, मग तो माणूस कितीही सावध असो वा धाडसी.

अशी उदाहरणे फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ मोरिस आले यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात मांडली. वर घेतलेले ३००० आणि ४००० चे आकडे मात्र डॅनिएल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांच्या १९७९ मधील लेखातले आहेत. त्यांनी ते इस्रायली पौंडांत आणि काल्पनिक रकमा म्हणून विचारले होते. तेथील कुटुंबाचे मासिक निव्वळ उत्पन्न तेव्हा मध्यकाने सुमारे ३००० पौंड होते. उत्तर देणाऱ्या ९५ जणांपैकी ८० टक्क्यांनी पहिल्या जोडीत खात्रीचे ३००० घेतले, आणि दुसऱ्या जोडीत ६५ टक्क्यांनी ४००० ची संधी घेतली.

तयारी

चिठ्ठ्या एकाच कागदाच्या, एकाच आकाराच्या आणि सारख्या घडीच्या असाव्यात. टक्के किंवा दशांश बोलू नयेत. ‘वीसपैकी सोळा’ असेच म्हणावे आणि चिठ्ठ्या समोर पसरून, मोजून दाखवून मग डब्यात टाकाव्यात. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी रकमेच्या चिठ्ठीवर रंगीत ठिपका द्यावा आणि रिकामी चिठ्ठी कोरी ठेवावी. वीस हा आकडा मुद्दाम निवडला आहे: १६, ५ आणि ४ हे तिन्ही त्यात पूर्णांकात बसतात, त्यामुळे दोन्ही जोड्यांसाठी एकूण चिठ्ठ्या तेवढ्याच राहतात.

रक्कम काल्पनिक ठेवावी आणि तसे सुरुवातीलाच सांगावे. कोणाकडूनही एक रुपयाही घेऊ नये, कारण पैसे लावून सोडत काढणे हा जुगार होतो आणि गावात तसा समज पसरला तर पुढे कोणी बसायला तयार होत नाही. स्वतःच्या खर्चाने ३० आणि ४० रुपयांवर खरी सोडत काढता येईल, परंतु रक्कम लहान झाली की खात्रीची ओढही कमी होऊ शकते. शिवाय शेवटी एकच जोडी चिठ्ठीने निवडून तिचेच पैसे द्यायचे ठरवले, तर ‘अ’ मधील खात्रीही काटेकोर अर्थाने खात्री राहत नाही, कारण ती जोडी निघेलच असे नाही. सुरुवातीला काल्पनिक रक्कम बरी.

दोन्ही जोड्या एकाच बैठकीत विचाराव्यात. पहिली जोडी कापूस विकण्याच्या आधी आणि दुसरी पैसे हाती आल्यावर विचारली, तर तीन हजारांचे मोलच मधल्या काळात बदललेले असते आणि निवड बदलली तरी नियम मोडला असे म्हणता येत नाही. वेचणीच्या दिवसांत आणि बाजाराच्या दिवशी लोक घाईत असतात, म्हणून तेही दिवस टाळावेत.

विचारण्याची रीत

प्रत्येकाला वेगळे बसवून विचारावे. पारावर दहा जणांच्या देखत विचारले की पहिल्या दोघांची उत्तरे पुढच्या सगळ्यांची होतात. शब्द सर्वांसाठी तेच ठेवावेत. आमचे विद्यार्थी पुढील वाक्ये वापरतात: “मावशी, या डब्यात वीस चिठ्ठ्या आहेत, सोळांवर चार हजार आहेत, चार कोऱ्या आहेत. एक चिठ्ठी तुम्ही न पाहता काढायची. नाहीतर चिठ्ठी न काढता तीन हजार घ्यायचे. तुम्ही काय घ्याल?” दुसऱ्या जोडीसाठी दोन्ही डबे समोर ठेवावेत आणि प्रत्येकातील चिठ्ठ्या पुन्हा मोजून दाखवाव्यात.

‘काय घेतलेले बरे?’ असे विचारू नये. त्याने परीक्षेचा भास होतो आणि लोक शहाणपणाचे वाटेल ते उत्तर देतात. निम्म्या लोकांना पहिली जोडी आधी आणि निम्म्यांना दुसरी आधी द्यावी, आणि दोन जोड्यांच्या मध्ये वय, जमीन, घरातील माणसे असे साधे प्रश्न ठेवावेत, म्हणजे आधीच्या उत्तराशी जुळवून घेण्याचा मोह कमी होतो. उत्तर मिळाल्यावर कारण विचारावे आणि ते त्यांच्याच शब्दांत लिहावे. ‘अ’ घेणारे बहुधा कोऱ्या चिठ्ठीविषयी बोलतात, तर ‘ड’ घेणारे ‘चार काय आणि पाच काय, मग चार हजारच घेऊ’ अशा अर्थाचे बोलतात. ही कारणे पुढे फार उपयोगी पडतात.

वहीतील चार घरे

प्रत्येक व्यक्ती चारपैकी एका घरात पडते. ‘अ’ आणि ‘क’, किंवा ‘ब’ आणि ‘ड’, या जोड्या सिद्धान्ताशी सुसंगत आहेत. ‘अ’ आणि ‘ड’ हे समान गुणोत्तराचे नेहमीचे उल्लंघन आहे, तर ‘ब’ आणि ‘क’ हे उलट्या दिशेचे. केवळ ‘पंचाहत्तर टक्क्यांनी अ घेतला, साठ टक्क्यांनी ड घेतला’ एवढेच लिहून ठेवू नये, कारण त्यावरून किती माणसांनी स्वतःची निवड फिरवली ते कळत नाही.

हिशेब कसा वाचायचा हे दाखवण्यासाठी वीस जणांचा एक काल्पनिक गट घेऊ. सहा जण ‘अ–क’, तीन जण ‘ब–ड’, नऊ जण ‘अ–ड’ आणि दोन जण ‘ब–क’. निवड फिरवणारे अकरा जण झाले आणि त्यांपैकी नऊ एकाच दिशेने फिरले. फिरणे दोन्ही दिशांनी सारखेच घडण्याजोगे असते, तर अकरांपैकी नऊ किंवा अधिक जण या दिशेने जाण्याची संभाव्यता सुमारे ३.३ टक्के आहे. अकरा वेळा नाणे उडवून नऊ किंवा अधिक वेळा छाप येण्याइतकी. एवढ्यावर अनेक प्रकल्प थांबतात आणि ‘सिद्धान्त खोटा ठरला’ असे लिहितात. मला ते घाईचे वाटते, आणि का ते नीट सांगायला हवे.

माणूस उत्तर देताना चुकतो. लक्ष नसते, मोजणी निसटते, दोन्ही पर्याय जवळजवळ सारखे वाटतात. वर ८५ आणि ८० गुणांचे उदाहरण घेतले होते. पहिल्या जोडीत दोन पर्यायांतील अंतर पाच गुणांचे होते, दुसऱ्या जोडीत ते २१.२५ आणि २० यांमधले, म्हणजे सव्वा गुणाचेच उरले. अंतर इतके कमी झाले की तेवढ्याच गोंधळाने दुसऱ्या जोडीत चूक होण्याचा संभव खूप वाढतो. म्हणजे सिद्धान्त तंतोतंत पाळणारा, परंतु थोडा अडखळणारा माणूसही पहिल्या जोडीत बहुधा ‘अ’ देईल आणि दुसऱ्या जोडीत कधी ‘क’ तर कधी ‘ड’. त्यामुळे ‘अ–ड’ हे घर ‘ब–क’ पेक्षा आपोआप भरते आणि नाण्याचा हिशेब इथे लागू पडत नाही.

सर्वांची आवड साधारण सारखी असेल तर अशा अडखळण्याने ‘ड’ घेणाऱ्यांचे प्रमाण निम्म्याजवळ येऊ शकते, निम्म्याच्या पलीकडे जाऊ शकत नाही. १९७९ च्या उत्तरांत ते ६५ टक्के होते. परंतु गटात काही जण मुळातच धाडसी असले, तर तेही ‘ड’ मध्ये मोजले जातात आणि हा युक्तिवाद सैल पडतो. म्हणून आणखी एक पायरी घ्यावी लागते.

रकमेची शिडी

या पायरीत ‘हे की ते’ असे विचारण्याऐवजी, कोणत्या रकमेला दोन्ही पर्याय सारखे होतात ते शोधायचे. पहिल्या जोडीत खात्रीचे ३००० तसेच ठेवावेत आणि सोळा चिठ्ठ्यांवरील रक्कम ३००० पासून ५००–५०० ने ६००० पर्यंत वाढवत न्यावी. प्रत्येक पायरीवर विचारावे आणि जिथे ती व्यक्ती प्रथम डब्याकडे वळते ती रक्कम लिहावी. मग दुसऱ्या जोडीत पाच चिठ्ठ्यांवरचे ३००० तसेच ठेवून चार चिठ्ठ्यांवरील रक्कम त्याच पायऱ्यांनी वाढवावी.

सिद्धान्त बरोबर असेल तर दोन्ही शिड्यांवर वळण्याची रक्कम एकच यायला हवी, कारण ०.२५ ने गुणल्याने तुल्यतेचे समीकरण बदलत नाही. एखादी महिला पहिल्या शिडीवर ५००० ला आणि दुसऱ्या शिडीवर ४००० ला वळली, तर तिच्यापुरते उल्लंघन ठळकपणे नोंदले गेले. अडखळणे इथेही आहे, पण ते रकमेला कधी वर ढकलते, कधी खाली. पुरेशी माणसे घेतली की दोन्ही शिड्यांच्या रकमांतील फरक एकाच बाजूला झुकण्याचे कारण त्यात राहत नाही. म्हणून प्रत्येकाच्या दोन रकमांची वजाबाकी लिहावी आणि किती वजाबाक्या धन, किती ऋण व किती शून्य आल्या ते मोजावे. हा भाग वेळखाऊ आहे आणि लोक कंटाळतात, तरीही या आधाराशिवाय मी ‘अ–ड’ घरातील संख्येवर निष्कर्ष काढू देत नाही. शिडीवर एखादी व्यक्ती पुढे-मागे होत राहिली, म्हणजे ४००० ला डबा, ४५०० ला पुन्हा खात्री असे झाले, तर तिला प्रश्न कळलेला नाही असे समजून चिठ्ठ्या पुन्हा मोजून दाखवाव्यात.

दोन टप्प्यांचा डबा

उल्लंघन आहे असे दिसल्यावर ते कुठून येते हे पाहायचे असेल, तर तिसरा प्रश्न विचारावा. एका लहान डब्यात चार चिठ्ठ्या ठेवाव्यात, तीन कोऱ्या आणि एकीवर ‘पुढे’. कोरी निघाली तर खेळ संपला. ‘पुढे’ निघाली तर ३००० नक्की, किंवा वीसपैकी सोळा चिठ्ठ्यांवर ४००० असलेला मोठा डबा. अट एवढीच की, काय घेणार हे लहान डब्यात हात घालण्याआधी सांगायचे.

हिशेब करून पाहावा. ‘पुढे’ निघण्याची संभाव्यता ०.२५. खात्री निवडली तर ३००० मिळण्याची एकूण संभाव्यता ०.२५ आणि डबा निवडला तर ४००० मिळण्याची ०.२५ × ०.८० म्हणजे ०.२०. हे नेमके ‘क’ आणि ‘ड’ आहेत. तरीही काहनेमन आणि ट्वर्स्की यांनी १४१ जणांना असा प्रश्न विचारला तेव्हा ७८ टक्क्यांनी ३००० निवडले. म्हणजे त्यांची उत्तरे दुसऱ्या जोडीच्या ६५ टक्क्यांशी जुळली नाहीत, पहिल्या जोडीच्या ८० टक्क्यांशी जुळली. लोकांनी दोन्ही पर्यायांत सामाईक असलेला पहिला टप्पा बाजूला ठेवला आणि फरक पडतो तेवढाच भाग तोलला.

आपल्या काल्पनिक गटातील ‘अ–ड’ वाल्या नऊ जणांपैकी सात जणांनी इथे खात्री घेतली, तर त्यांच्याविषयी एक नेमकी गोष्ट सांगता येते. टप्पे वेगळे दाखवले की ते समान गुणोत्तराचा नियम पाळतात. टप्पे गुणून एकाच डब्यात मांडले की मोडतात. स्वातंत्र्याच्या गृहीतकाने, म्हणजे सामाईक भागाने निवड बदलू नये या अटीने, दोन्ही ठिकाणी एकच उत्तर मागितले होते. उरलेल्या दोघांनी इथेही डबा घेतला, तर टप्पे उघडून दाखवूनही त्यांची निवड बदललेली राहते, म्हणून त्यांची नोंद वेगळी ठेवावी.

केवळ खात्रीचे आकर्षण आहे का?

पहिल्या जोडीत पूर्ण खात्री होती, म्हणून सगळा परिणाम खात्रीचा आहे असे वाटू शकते. १९७९ च्या त्याच लेखात याचे उत्तर आहे. ३००० ची संभाव्यता ०.९० आणि ६००० ची ०.४५ असताना ८६ टक्क्यांनी ३००० घेतले. त्याच संभाव्यता ०.००२ आणि ०.००१ वर आणल्यावर ७३ टक्क्यांनी ६००० घेतले. गुणोत्तर दोन्हीकडे निम्म्याचे आहे आणि खात्री कुठेच नाही. काहनेमन आणि ट्वर्स्की यांचे स्पष्टीकरण असे की, माणूस संभाव्यतेला आहे तशी वापरत नाही, तिला मनात वजन देतो, आणि संभाव्यता लहान होत जातात तसे त्याच गुणोत्तराच्या दोन वजनांतील अंतर कमी भासू लागते. पाच आणि चार चिठ्ठ्या त्यामुळे जवळजवळ सारख्या वाटतात, वीस आणि सोळा मात्र तशा वाटत नाहीत. गावात ०.००१ साठी हजार चिठ्ठ्या करणे शक्य नाही, म्हणून ही चाचणी मी विद्यार्थ्यांना देत नाही. परंतु अहवालात ‘खात्रीचा परिणाम’ एवढेच कारण लिहू नये, याची आठवण तिच्यामुळे राहते.

शेताकडे वळताना

या चाचणीतून कोणता शेतकरी कोणते पीक घेईल हे सांगता येत नाही. तिचा उपयोग प्रश्न कसा विचारावा हे ठरवताना होतो. वरूड-मोर्शी भागातील संत्र्याच्या बागेचे उदाहरण घ्या. आंबिया बहाराआधी बागायतदाराला दोन रीतींनी विचारता येते. एक रीत अशी: ‘बहार चांगला बसला, तर तुम्ही व्यापाऱ्याशी ठोक सौदा करून मोकळे व्हाल की तोडणीपर्यंत थांबाल?’ हा दोन टप्प्यांचा डबा झाला. दुसऱ्या रीतीत बहार बसण्याची आणि भाव टिकण्याची संभाव्यता एकत्र करून अखेर किती मिळण्याची किती संधी आहे, एवढेच समोर ठेवले जाते. दोन्ही प्रश्नांचा हिशेब एक असला, तरी पहिल्यात ठोक सौद्याकडे आणि दुसऱ्यात थांबण्याकडे कल दिसू शकतो. म्हणून अशा सर्वेक्षणात दोन्ही रूपे वेगवेगळ्या निम्म्या बागायतदारांना द्यावीत, कोणाला कोणते रूप दिले ते वहीत समासात लिहावे, आणि दोन्हींची उत्तरे एकत्र करून टक्केवारी काढू नये.